झाड ‘निर्जीव’च्या ढिगात का जातं? पहिलीसाठी चित्रं वेगळी करण्याचा पाठ

प्रश्न : पहिलीच्या वर्गाला सजीव-निर्जीव शिकवताना मी चित्रं वाटते आणि दोन गट करायला सांगते. बरीच मुलं झाड निर्जीवमध्ये ठेवतात. मोटार, ढग सजीवमध्ये. बरोबर उत्तर सांगितलं की माना डोलावतात, पण आठवड्याने विचारलं की पुन्हा तेच. हा पाठ नीट कसा घ्यावा?

उत्तर : सगळ्यात आधी, बरोबर उत्तर सांगायची घाई करू नका. मूल झाड निर्जीवमध्ये ठेवतं ते उगाच नाही. त्याच्या डोक्यात एक नियम असतो आणि त्या नियमाप्रमाणे त्याचं उत्तर अगदी चोख असतं. आपण “अगं, झाड सजीव असतं” म्हणून चित्र उचलून पलीकडे ठेवतो तेव्हा चित्राची जागा बदलते, नियम आहे तिथेच राहतो. आठवड्याने चित्राची जागा विसरते आणि नियम पुन्हा कामाला लागतो. म्हणून हा पाठ दोन टप्प्यांत घ्यायचा. आधी ढीग बघून मुलाचा नियम ओळखायचा, आणि मग तो नियम जिथे अडखळतो तिथे मुलालाच नेऊन उभं करायचं.

पहिलीच्या वयात मुख्यतः तीन नियम दिसतात. पहिला, आणि सगळ्यात जास्त आढळणारा, ‘हलतं ते जिवंत’. जाँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात मुलांना सूर्य, वारा, सायकल यांच्याबद्दल प्रश्न विचारून हे टिपलं होतं : आधी मूल काहीतरी काम करणाऱ्या प्रत्येक गोष्टीला जिवंत म्हणतं, मग हलणाऱ्या, मग आपोआप हलणाऱ्या. पियाजेंना वाटलं त्यापेक्षा लहान मुलांना प्राणी आणि यंत्र यांतला फरक बराच लवकर कळतो, हे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आलं. पण वनस्पतींच्या बाबतीत गाडी खरोखरच उशिरापर्यंत अडकते. दुसरा नियम ‘चेहरा असेल ते जिवंत’. तिसरा जरा लपलेला असतो : ‘माणसाने बनवलेलं ते निर्जीव, बाकी सगळं सजीव’. हा तिसरा नियम शिक्षकांच्या नजरेतून निसटतो, कारण नेहमीच्या चित्रांत त्याची उत्तरं बहुतेक बरोबर येतात. मांजर, चिमणी, झाड एकीकडे. खुर्ची, पेन, बादली दुसरीकडे. पैकीच्या पैकी! आणि मुलाला सजीव म्हणजे काय हे जराही कळलेलं नसतं.

म्हणून चित्रं अशी निवडायची, की प्रत्येक चुकीच्या नियमाचा ढीग वेगळा दिसेल. पहिल्या दिवसासाठी मला ही आठ पुरेशी वाटतात : मांजर, गोगलगाय, झाड, गवत, मोटार, ढग, दगड, बाहुली. आता ढीग वाचून बघा. सजीवमध्ये मांजर, मोटार, ढग आणि निर्जीवमध्ये झाड, गवत, दगड असं आलं, तर मूल हालचाल बघतंय. बाहुली मांजराशेजारी जाऊन बसली आणि झाड-गवत बाहेर राहिलं, तर ते चेहरा बघतंय. आणि झाड, गवत बरोबर आहेत पण दगड आणि ढगही सजीवमध्ये आहेत, फक्त मोटार आणि बाहुली बाहेर, तर तो लपलेला तिसरा नियम. दगड सजीवमध्ये बघून आपण पटकन “लक्ष नाही याचं” असं म्हणून टाकतो. लक्ष पूर्ण असतं. दगड कोणी बनवलेला नाही, एवढंच त्याचं म्हणणं असतं. गोगलगाय मुद्दाम घेतली आहे. ती सजीव आहे पण चित्रात ती हलत नाही, तिचे डोळेही पटकन दिसत नाहीत, त्यामुळे हालचालवाली आणि चेहरावाली मुलं तिच्यापाशी घुटमळतात आणि आपसांत बोलायला लागतात. तेच बोलणं आपल्याला ऐकायचं असतं.

चित्रांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण अर्धे घोटाळे तिथेच होतात. शक्यतो फोटो वापरा, कार्टून नको. हसणारा सूर्य किंवा डोळे लावलेली मोटार दिली, की प्रश्न आपणच सोडवून दिला, आणि तोही चुकीचा. एका चित्रात एकच वस्तू हवी. फांदीवर बसलेली चिमणी दिली तर काही मुलं फांदीबद्दल बोलत असतात आणि आपल्याला वाटतं ती चिमणीबद्दल बोलताहेत. सगळी चित्रं एकाच आकाराच्या कागदावर घ्या. साधारण पोस्टकार्डाएवढी, म्हणजे छोट्या हातांना धरता येतात आणि चौघांच्या मध्ये मांडली तरी दिसतात. पार्श्वभूमी साधी ठेवा. सगळे सजीव हिरव्यावर आणि सगळे निर्जीव पांढऱ्यावर आले, तर मुलं रंगावरून अचूक गट करतात आणि आपण खूश होतो. मागच्या बाजूला उत्तर लिहू नका. चित्र उलटून बघायला पहिलीतल्या मुलाला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

चित्राची एक मर्यादा मात्र कशानेच जात नाही. चित्र सगळ्यांना थांबवून टाकतं. फोटोतलं मांजर आणि फोटोतली बाहुली सारख्याच गप्प बसलेल्या असतात, आणि एखादं हुशार मूल म्हणतंच, “हे मांजर श्वास घेत नाही, कागद आहे.” ते बरोबर आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवा, की आपण कागदाबद्दल बोलत नाही, ज्याचं चित्र आहे त्या खऱ्या गोष्टीबद्दल बोलतोय. पुढे चित्रांच्या जोडीला खरी वस्तू का आणायची, तेही याच कारणासाठी.

आता पहिला तास. चार-चार मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला आठ चित्रं द्या. पाच मिनिटं फक्त नावं घ्या : हे काय, कुठे बघितलं. हे वगळू नका. गोगलगाय म्हणजे शंख असं समजणारं मूल नंतर ती निर्जीवमध्ये टाकतं आणि आपण भलत्याच कारणाच्या मागे लागतो. मग तीन जागा दाखवा : सजीव, निर्जीव आणि प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हावर जास्तीत जास्त दोन चित्रं, असा नियम ठेवा, नाहीतर सगळंच तिथे जमा होतं. दहा मिनिटं मुलांना मांडू द्या, भांडू द्या. तुम्ही फिरत राहा आणि एकच शब्द वापरा : “का?” चूक म्हणू नका, बरोबरही म्हणू नका. चेहऱ्यावरही दाखवू नका. मुलं आपला चेहरा वाचण्यात आपल्यापेक्षा तरबेज असतात.

मग एकेका गटाचं एक कारण फळ्यावर घ्या, मुलाच्याच शब्दांत. “मोटार सजीव, कारण ती पळते.” “झाड निर्जीव, कारण ते एका जागी बसतं.” आता या कारणाला कामाला लावायचं. एका वर्गात झालेलं बोलणं साधारण असं होतं :

“पळतं ते सजीव. बरं. मग ढग?”
“सजीव. तोपण जातो.”
“वारा थांबला तर?”
“मग तोपण थांबतो. वारा ढकलतो त्याला.”
“आणि मोटारीला?”
“डायवर लागतो, बाई. आणि पेट्रोल.”
“गोगलगाईला?”
“ती आपली आपण जाते.”

इथे नियम एक पायरी वर सरकला : ‘हलतं ते’ याचं ‘आपोआप हलतं ते’ झालं. मोटार आणि ढग सुटले. पण झाड अजून अडकलेलंच आहे. इथे अनेक शिक्षक लाजाळूचं झाड किंवा सूर्यफूल पुढे करतात : बघा, झाडंही हलतात! मी ते टाळतो. त्याने झाड सजीवमध्ये येतं खरं, पण हालचाल हीच खूण असल्याचं आपणच पक्कं करून देतो, आणि मग गवत, शेवाळ, निवडुंग पुन्हा बाहेर. हालचालीची खूण सुधारत बसण्यापेक्षा ती बाजूला ठेवून दुसरी खूण द्यावी.

ती दुसरी खूण म्हणजे गरज. यासाठी प्रश्न जरा उलटा विचारायचा. “झाडाला पाणी लागतं का?” असं विचारलं तर मूल “हो” म्हणतं आणि लगेच “दगडावरपण पाऊस पडतो” असंही म्हणतं. त्याऐवजी विचारा : “पाणी मिळालंच नाही तर काय होईल?” मांजराचं? “मरेल.” झाडाचं? “सुकेल… मरेल.” दगडाचं? इथे वर्ग हसतो. “काही नाही होणार!” दगडाला आणि झाडाला एकाच ढिगात ठेवलेल्या मुलाला या उत्तरांनंतर दोघांना वेगळं करावंसं वाटतं, आपण न सांगता. जपानमधले संशोधक कायोको इनागाकी आणि गियू हातानो यांनी १९९०च्या दशकात पाच वर्षांच्या मुलांबरोबर काम करताना हेच पाहिलं : अन्न-पाणी लागणं आणि वाढणं याकडे लक्ष वळवलं, की त्या वयातलं मूलही झाडाला प्राण्याच्या बाजूने धरतं. म्हणजे जाण मुलाकडे असतेच, ‘जिवंत’ या गोष्टीशी ती जोडलेली नसते.

मोटारीवर हाच प्रश्न लावला की मजा येते. “पेट्रोल मिळालं नाही तर?” “बंद पडेल.” काही मुलं ठामपणे म्हणतात, म्हणजे मेली. तेव्हा पुढचा प्रश्न : “मग महिन्याने पेट्रोल भरलं तर?” “परत चालू होईल.” “आणि झाड पूर्ण वाळून गेलं, काडी काडी झाली, मग पाणी घातलं तर?” थांबणं वेगळं आणि मरणं वेगळं, हे पहिलीतल्या मुलाला एवढ्यावर कळतं. फक्त ‘पूर्ण वाळलेलं’ म्हणायला विसरू नका. नुसतं कोमेजलेलं रोप पाणी घातल्यावर उभं राहतं, आणि ते घरी बघितलेलं मूल तुम्हाला लगेच पकडतं.

तासाच्या शेवटी, किंवा दुसऱ्या तासाला, तीन प्रश्न पक्के करा. याला अन्न-पाणी लागतं का? हे आपलं आपण वाढतं का? याच्यापासून याच्यासारखंच नवीन होतं का? तिन्हींना ‘हो’ आलं तर सजीव. एका ‘हो’वर निर्णय नाही, हे ठासून सांगा. मोटारीला पहिल्या प्रश्नावर मुलं ‘हो’ देतील, देऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्यावर ती आपोआप बाद होते. ढग मोठा होतो, पण त्याला काही मिळालं नाही म्हणून तो मरत नाही. श्वासोच्छ्‌वास मी पहिलीत घेत नाही. वनस्पतींचा श्वास मुलाला दिसत नाही, म्हणजे ते फक्त पाठ करणार, आणि पाठ केलेलं कारण ढीग लावताना उपयोगाला येत नाही.

आणि आग? कोणी ना कोणी ती काढतंच. आग लाकूड ‘खाते’, मोठी होते, एका आगीपासून दुसरी होते. तिन्ही प्रश्न पास! याचं खरं उत्तर, की सजीवांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं आणि आगीला असं शरीरच नसतं, पहिलीतल्या मुलाला दाखवता येत नाही. त्यामुळे आगीचं चित्र मी पहिल्या संचात ठेवत नाही. मुलानेच विचारलं तर ती प्रश्नचिन्हावर ठेवा आणि सांगा : मांजराला पाय, पोट आहे, झाडाला मुळं, पानं आहेत, प्रत्येकाचं काहीतरी काम आहे; आगीला असा एकही भाग दाखवता येतो का? एवढ्याने बहुतेकांचं समाधान होतं. ज्याचं होत नाही त्याचा प्रश्न खरोखरच चांगला आहे, त्याला तो घेऊन राहू द्या. अंडं, तोडलेलं फळ, फुलदाणीतलं फूल हीसुद्धा वगळा. अंड्यात पिल्लू वाढणार आहे की नाही हे चित्रावरून मोठ्यांनाही सांगता येत नाही, आणि तोडलेल्या फळाच्या पेशी काही काळ जिवंतच असतात. पालकांशी वाद घालायला ही चित्रं उत्तम. पहिलीच्या मुलांना नको.

आता खऱ्या वस्तूंकडे येऊ. बी हे एकच चित्र असं आहे जे बहुतेक सगळी मुलं निर्जीवमध्ये ठेवतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. कोरड्या हरभऱ्याला बघून वेगळं काय वाटणार? ते बोलून पटत नाही. तीन पारदर्शक पेले घ्या, प्रत्येकात ओला कापूस ठेवा. एकात रात्रभर भिजवलेले चार-पाच हरभरे, दुसऱ्यात तेवढेच हरभरे पण पंधरा-वीस मिनिटं चांगले उकळून गार केलेले, तिसऱ्यात हरभऱ्याएवढेच खडे. बिया आणि खडे काचेला टेकून ठेवा, म्हणजे बाहेरून दिसतील. तिन्हींना रोज सारखंच पाणी, कापूस ओला राहील एवढंच. पाणी साचलं तर चांगली बीसुद्धा कुजते आणि सगळा तमाशा फसतो. दोन-तीन दिवसांत पहिल्या पेल्यात मूळ बाहेर येतं, आठवडाभरात कोंब वर सरकतो. खड्यांचं काही होत नाही. आणि उकळलेल्यांनाही मूळ येत नाही.

हा मधला पेलाच सगळ्यात कामाचा आहे. मुलांच्या मनात ‘निर्जीव’ आणि ‘मेलेलं’ या दोन गोष्टी एकच असतात, आणि दोन पेल्यांच्या प्रयोगात तो घोळ तसाच राहतो. खडा कधीच जिवंत नव्हता. उकळलेला हरभरा होता, आता नाही. दोन्ही गप्प बसलेत, पण त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि हे बघायला पेले शेजारी-शेजारी हवेत. काही दिवसांत उकळलेल्या हरभऱ्यांवर कापसासारखी बुरशी दिसायला लागते, पुष्कळदा आठवडा पुरा व्हायच्या आतच. त्या पेल्यावर सुरुवातीपासून झाकण किंवा प्लास्टिकचा कागद बांधून ठेवा, बुरशी दिसेपर्यंत फक्त पाणी घालण्यापुरतं उघडा, मुलांना हुंगू देऊ नका, आणि बुरशी बघून झाली की पेला न उघडता टाकून द्या. टाकण्याआधी मात्र विचारा : ही पांढरी लव वाढतेय, पसरतेय, हरभऱ्यावर जगतेय; ही कुठल्या ढिगात? मेलेल्या हरभऱ्यावर काहीतरी जिवंत आहे, हे मुलांना भलतंच आवडतं.

यानंतरच लाकडी खुर्ची, वाळलेलं पान, पीस, शिंपला ही चित्रं काढा. ती आधी काढली तर गोंधळ होतो. उकळलेला हरभरा बघितल्यावर मुलांकडे त्यांच्यासाठी जागा तयार असते. खुर्चीबद्दल दोन वाक्यं येऊ द्या : खुर्ची आज तिन्ही प्रश्नांना ‘नाही’ म्हणते, ती ज्या झाडापासून झाली ते ‘हो’ म्हणत होतं. काही पुस्तकांत खुर्ची सरळ निर्जीवमध्ये असते, काहींत ‘पूर्वी सजीव’ असा तिसरा गट असतो. तुमच्या पुस्तकाप्रमाणे जा, पण दोन्ही वाक्यं बोलून झाल्यावर.

राहिलं तपासणं. तीच आठ चित्रं पुन्हा दिली तर तुम्ही आठवण तपासता. नवी चित्रं घ्या : वेल, मुंगी, विमान, नदी, यंत्रमानव. वेल आणि नदी ही जोडी सगळ्यात जास्त सांगून जाते. वेल जागची हलत नाही आणि नदी सतत वाहते, म्हणजे हालचालीचा नियम शिल्लक असेल तर दोन्ही उलट्या जागी जातात. दोन्ही सजीवमध्ये आल्या, तर ‘माणसाने बनवलेलं’ हा नियम अजून आत आहे. यंत्रमानव सजीवमध्ये गेला तर चेहरा किंवा हालचाल, दोन्हींपैकी काहीही असू शकतं, तिथे “का?” विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पूर्ण वर्गाला एकेकटं विचारणं एका तासात होत नाही. बाकीची मुलं पेल्यांची चित्रं काढत असताना रोज पाच-सहा जणांना जवळ बोलवा, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं पुरतात. मूल काय बोललं ते त्याच्याच शब्दांत वहीत टिपा. “वेल सजीव कारण बाईंनी सांगितलं झाड सजीव” असं उत्तर आलं तर चित्र बरोबर जागी असूनही त्या मुलाला पुन्हा पेल्यांपाशी न्यायचं आहे. त्याला पहिल्या पेल्याचं पाणी घालायचं काम द्या, कोंब रोज जिथवर आलाय तिथे काचेवर पेनाने रेघ मारायला लावा, आणि चार-पाच रेघा झाल्या की वेलीचं चित्र परत त्याच्या हातात द्या.